४९९ चा स्टॉपलॉस आणि ८० चा येन

परवा रात्री मामेभावाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. तर झालं असं की त्याने एक शेअर ५०८ ला घेतला, १०० नग. स्टॉपलॉस लावला ४९९ ला. भाव ४९८ पर्यंत आला, याचा शेअर विकला गेला आणि दुपारी भाव पुन्हा ५१२! महिन्याभरात हे तिसऱ्यांदा झालं म्हणे. "अरे, ऑपरेटर बसलेत तिथे, माझाच स्टॉपलॉस बघून उडवतात. आता मी स्टॉपलॉस लावणारच नाही."

या शेवटच्या वाक्याने मात्र मला झोप येईना. म्हणून हे लिहितोय.

मला सगळ्यात आधी आठवला तो २०११ सालचा येन. ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. जपानी कंपन्या परदेशातला पैसा परत आणणार, अशी बाजारात हवा झाली आणि येन महाग होऊ लागला. डॉलर ८० येनच्या जवळ येऊन ठेपला. त्याच्याखाली १९९५ सालचा ७९.७५ हा नीचांक, तोही सगळ्यांना तोंडपाठ. जपानमधल्या असंख्य छोट्या गुंतवणूकदारांनी मार्जिनवर डॉलर घेऊन ठेवले होते आणि त्यांचे स्टॉपलॉस याच दोन आकड्यांच्या आसपास होते.

१७ मार्चला टोकियोत पहाट होती. न्यूयॉर्कचा बाजार आवरलेला आणि टोकियोचा अजून उघडायचा होता, म्हणजे खरेदीला माणसं कमी. या आकड्यांखाली भाव गेला आणि स्टॉपलॉस सुटू लागले. स्टॉपलॉस सुटणे म्हणजे मिळेल त्या भावाला विक्री. त्या विक्रीने भाव आणखी खाली आणि खालचे स्टॉपलॉस सुटले. काही मिनिटांत डॉलर ७६.२५ वर! त्याच दिवशी तो ७९ च्या आसपास परतला आणि दुसऱ्या दिवशी जी-सात देशांनी मिळून येन विकल्यावर आणखी वर गेला. ज्यांचे डॉलर पहाटे विकले गेले, त्यांना त्याचा काय उपयोग?

आता गंमत बघा. हे असं का होतं, याचं उत्तर आधीच सापडलं होतं. न्यूयॉर्क फेडमध्ये संशोधन करणाऱ्या कॅरल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेकडच्या ऑगस्ट १९९९ ते एप्रिल २००० मधल्या साडेनऊ हजारांहून अधिक ऑर्डर तपासल्या. नफा पदरात पाडायच्या ऑर्डर नेमक्या गोल आकड्यावर होत्या. विक्रीचे स्टॉपलॉस मात्र गोल आकड्याच्या किंचित खाली आणि खरेदीचे किंचित वर. म्हणून भाव बरेचदा गोल आकड्याला टेकून मागे फिरतो, पण एकदा का तो आकडा ओलांडला की धावत सुटतो.

म्हणजे मामेभावाला वाटणारी त्याची खासगी जागा, ४९९, ही खरं तर गर्दीची जागा आहे. तिथे कुणी मुद्दाम ढकलत नाही असं नाही. ग्राहकांचे स्टॉपलॉस उडवण्याचे प्रयत्नही २०१४ मध्ये ब्रिटिश नियामकाने पाच मोठ्या बँकांना केलेल्या दंडाच्या प्रकरणात नोंदले गेले. पण ऑर्डर बघायचीही गरज नसते. ५०० च्या खाली काय असणार, हे कुणालाही कळतं.

मग करायचं काय? मी त्याला विचारलं, हा शेअर दिवसाला साधारण किती हलतो? म्हणाला, १२ रुपये. मग ५०० च्या खाली तेवढी जागा सोड, ४८८ ला लाव. "पण मग तोटा २० रुपये होईल की!" बरोबर. म्हणून नग कमी घे. १०० नगांवर ९ रुपये म्हणजे ९०० चा तोटा, आणि ४५ नगांवर २० रुपये म्हणजेही ९००. स्टॉपलॉस लांब नेला आणि नग तेवढेच ठेवले, तर नुसता तोटा वाढवलास.

आणि हे कवच नाही हं. त्या पहाटे ७९.४० ला लावलेला शहाणा स्टॉपलॉसही उडालाच असता, आणि लिहिलेल्या भावाला विकला गेला असता याचीही खात्री नाही. पण ज्यांनी तो लावलाच नव्हता आणि मार्जिन तुटपुंजं होतं, त्यांचे डॉलर दलालाने विकले, तेही ७६ च्या वाटेवर.

असो. फोन ठेवताना तो म्हणाला, "४५ च घेतो मग." आता झोपतो.