वाक्याचा धनी कोण?

शाळेंत व्याकरणाचा पहिला धडा घेतांना आपणांस एक सोपी युक्ति शिकविलेली असते. क्रियापद शोधावें, त्याला ‘-णारा कोण?’ असा प्रश्न विचारावा, आणि जें उत्तर येईल तो कर्ता समजावा. गाय चरते, चरणारी कोण? गाय. ही युक्ति आपल्या इतकी अंगवळणीं पडते कीं, जगांतील झाडून साऱ्या भाषांतील वाक्यें याच सांच्यांतून निघालेलीं असणार, असें आपण न बोलतां धरून चालतों. या समजुतीला धक्का देणारें एक चिनी वाक्य येथें आरंभींच देतों. ‘नेइ-छांग ह्वो, शिंग-ख्वेइ श्याओ-फांग-द्वेइ लाय द ख्वाय.’ शब्दाला शब्द ठेवून याचें मराठी करावयाचें तर तें असें होईल : ‘ती आग, नशीब बंबवाले लौकर आले.’

येणारे कोण? बंबवाले. युक्तीचें उत्तर बिनचूक आलें. पण मग वाक्याच्या तोंडाशीं ऐटींत बसलेली ‘ती आग’ कोण? ती येणारी नव्हे, आणलेलीही नव्हे. तिला विभक्तीचा प्रत्यय नाहीं, क्रियापदाशीं तिचा कसलाच संबंध दाखवितां येत नाहीं. आणि तरीही सगळें वाक्य तिच्याविषयींच आहे, हें ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दालाच कळून चुकलेलें असतें. ज्याविषयीं बोलावयाचें तें आधीं मांडावें आणि मग त्याबद्दल काय सांगावयाचें तें सांगावें, अशी ही रचना आहे. पहिल्या भागाला आम्ही येथें ‘विषय’ म्हणूं व दुसऱ्याला ‘विवरण’. क्रियापदाशीं ज्याचें लग्न लागलेलें असतें त्याला आपल्या व्याकरणांतला जुना शब्द ‘उद्देश्य’ हाच ठेवूं. वाक्याचा धनी विषय कीं उद्देश्य, हा वाद चीनमध्यें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्यांतूनच भाषांचें वर्गीकरण करण्याची एक नवी रीत निघाली.

चिनी माणसानें लिहिलेलें चिनी भाषेचें पाश्चात्त्य धर्तीवरचें पहिलें व्याकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालें. फ्रान्समध्यें शिकून आलेल्या व लॅटिन जाणणाऱ्या मा ज्येनचुंग या गृहस्थांचा ‘मा-शी वन-थुंग’ हा ग्रंथ १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं जुन्या ग्रांथिक चिनीला लॅटिनचा अंगरखा चढविला. अंगरखा बऱ्याच ठिकाणीं बसलाही, पण कांहीं ठिकाणीं उसवला. आमच्याकडील व्याकरणकारांनींही मराठीला कधीं संस्कृतचें तर कधीं इंग्रजीचें माप लावून पाहिलेलें असल्यामुळें या खटपटीची अडचण आपणांस परकी वाटावयाची नाहीं.

अडचण ऐरणीवर आली ती १९५५ सालीं. भाषाशिक्षणाला वाहिलेल्या एका चिनी मासिकांत त्या व पुढच्या वर्षीं उद्देश्य आणि कर्म यांवर मोठा वाद झाला. वादांतलें एक गाजलेलें वाक्य असें : ‘व्यासपीठावर बसलें आहे अध्यक्षमंडळ.’ अर्थाकडे पाहणारे म्हणत, बसणारें अध्यक्षमंडळ, म्हणून उद्देश्य तेंच. क्रमाकडे पाहणारे म्हणत, चिनींत प्रत्यय नाहींत, क्रियापदाला लिंगवचनाची खूण नाहीं, तेव्हां स्थान सोडलें तर उद्देश्य ओळखावयाचें कशावरून? क्रियापदाच्या आधीं व्यासपीठ आहे, म्हणून उद्देश्य व्यासपीठ. दोन्ही पक्षांचें म्हणणें आपआपल्या परीनें बरोबर होतें, आणि म्हणूनच निकाल लागला नाहीं.

युएन-रेन चाओ यांनीं १९६८ सालच्या आपल्या बोली चिनीच्या व्याकरणांत या गांठीचा एक पीळ सोडविला. त्यांचें म्हणणें असें कीं, चिनी वाक्याच्या दोन भागांमधला संबंध मुळांत कर्ता आणि क्रिया असा नसून विषय आणि विवरण असाच आहे. कर्ता-क्रियेचा अर्थ फार तर निम्म्या किंवा त्याहून थोड्याच अधिक वाक्यांना लागू पडेल, असा त्यांचा अंदाज होता. तथापि ‘उद्देश्य’ हें नांव त्यांनीं टाकलें नाहीं. त्याच नांवाखालीं विषय बसविला. हीं दोन नातीं निरनिराळीं मानून त्यांवरून भाषांचे वर्ग पाडावे, हें पुढचें पाऊल चार्ल्स ली व सँड्रा थॉम्पसन या दोघांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत टाकलें. त्यांच्या मतें कांहीं भाषा उद्देश्यप्रधान असतात, उदाहरणार्थ इंग्रजी. कांहीं विषयप्रधान, उदाहरणार्थ चिनी. जपानी व कोरियन यांत दोहोंचेंही प्राबल्य दिसतें. आणि फिलिपाइन बेटांतील टागालोगसारख्या भाषांत दोहोंपैकीं एकाचेंही नाहीं.

असें विधान करणें सोपें. सिद्ध कसें करावयाचें? विषय तर प्रत्येक भाषेंत असतो. ‘हत्ती म्हणाल तर त्याची सोंड लांब’ असें आपणही म्हणतोंच. प्रश्न असा आहे कीं, व्याकरणाची सूत्रें कोणाच्या हातांत आहेत? ली व थॉम्पसन यांच्या सर्व कसोट्या येथें मांडण्याचें कारण नाहीं. त्यांपैकीं जी आम्हांस सर्वांत मार्मिक वाटली ती मात्र सावकाश पाहूं.

चिनींत ‘श्यांग बीत्झ छांग’ म्हणजे ‘हत्ती सोंड लांब’ हें धडधडीत शुद्ध वाक्य आहे. मराठींत आपणांस ‘हत्तीची’ तरी म्हणावें लागतें, नाहीं तर ‘त्याची’ हा दुवा तरी घालावा लागतो. आतां याच घाटाचें एक वाक्य घेऊन त्याला शेपूट जोडावें : ‘नेइ-ख शू येत्झ दा, स्वो-यी वो बू शी-ह्वान’, म्हणजे ‘तें झाड पानें मोठीं, म्हणून मी आवडून घेत नाहीं.’ काय आवडून घेत नाहीं? तें पद गाळलेलें आहे. रिकाम्या पाटावर झाड बसवावयाचें कीं पानें? ‘मोठीं’ या विशेषणाचें उद्देश्य पानें. तींच शेवटीं आलेलीं, तींच जवळचीं. पण ली व थॉम्पसन सांगतात कीं, चिनी श्रोता येथें झाडच समजतो. नावडतें तें झाड. वाक्यांतील गाळलेल्या पदावर हुकमत चालते ती विषयाची, उद्देश्याची नव्हे.

या कसोटीचें बळ समजण्यासाठीं तेंच वाक्य मराठींत आणून पहावें. ‘त्या झाडाचीं पानें मोठीं आहेत, म्हणून मला आवडत नाहींत.’ येथें पाट पानांचा. ‘म्हणून मला आवडत नाहीं’ म्हटलें कीं झाडाचा. एका ‘त’चा काय तो फरक, पण निवाडा पुरा होतो, कारण आपलें क्रियापद वचनाची खूण अंगावर बाळगतें. चिनी क्रियापदाजवळ ती खूण नाहीं. तेथें निवाडा वाक्याच्या रचनेनेंच करावा लागतो, आणि रचना विषयाच्या बाजूनें कौल देते.

मात्र ही कसोटी लावणाऱ्यानें एक खबरदारी घ्यावयास हवी. शेपटाचा अर्थ दोघांनाही लागू पडणारा असला पाहिजे. नावडणें झाडाला लागू पडतें व पानांनाही. त्याऐवजीं ‘म्हणून गुंडाळायला बरीं’ असें शेपूट लावलें, तर ऐकणारा पानांकडेच वळेल. झाड कोण गुंडाळतो? अशा वाक्यावरून व्याकरणाचा निकाल काढणें म्हणजे व्यवहारज्ञानाचा निकाल व्याकरणाच्या नांवावर खपविणें होय.

दुसऱ्या कसोट्या इतक्या निर्णायक नाहींत. इंग्रजीला पाऊस पडतांनाही एक पोकळ ‘इट’ उद्देश्याच्या जागीं उभें करावें लागतें. चिनी मनुष्य ‘श्या यू ल’, म्हणजे ‘पडला पाऊस’, एवढें म्हणून मोकळा होतो. विषयप्रधान भाषांत असलीं बुजगावणीं नसतात हें खरें, पण तीं मराठींतही नाहींत, आणि तरी मराठी त्या वर्गांत जात नाहीं. ‘आईनें मुलाला आपल्या खोलींत नेलें’ या वाक्यांत क्रियापद आईला ओळख देत नाहीं, पण ‘आपल्या’ हा शब्द निमूटपणें आईच्याच मागें जातो. ‘मुलाला आईनें आपल्या खोलींत नेलें’ असें फिरवून मुलाला विषय केलें तरी खोली सहसा आईचीच राहते. म्हणजे निदान या एका बाबतींत सूत्रें आपल्याकडे उद्देश्याच्या हातांत आहेत.

कर्मणि प्रयोगाची कसोटी तर काळाबरोबर झिजत चालली आहे. ‘ही बातमी प्रक्षेपित केली’ असें चिनी मनुष्य कर्मणीची कोणतीही खूण न लावतां म्हणतो. बातमी विषय झाली, काम झालें. खूण लावावयाची ती ‘बेइ’ या शब्दानें, आणि ती पूर्वी बहुधा मार खाणें, लुटलें जाणें अशा आपत्तींसाठींच राखलेली असे. परंतु विसाव्या शतकांत पाश्चात्त्य ग्रंथांचीं भाषांतरें होऊं लागलीं तसा ‘बेइ’ चांगल्यावाईट सर्व प्रसंगीं वापरला जाऊं लागला. जी खूण भाषेच्या जातीची म्हणून दाखवावयाची, तीच भाषांतरकारांच्या लेखणीनें पुसट होत जाते, हें या शास्त्राच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये.

आतां पुन्हा त्या आगीकडे वळूं. जिचा क्रियापदाशीं कांहींच संबंध नाहीं अशा विषयाचा नमुना म्हणून ती अनेक वर्षें मिरविली गेली. २००० सालीं ‘लँग्वेज’ या नियतकालिकांत शी डिंगश्यू यांनीं तिच्यावर बोट ठेवलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ‘नशीब बंबवाले लौकर आले’ हें वाक्य पुरें झालेलेंच नाहीं. ‘नशीब’ म्हटल्याबरोबर ‘नाहीं तर’ यावयास हवें : नाहीं तर कितीतरी घरें जाळून गेली असती. जाळणारी कोण? आग. म्हणजे ती अधांतरीं लोंबकळत नसून न उच्चारलेल्या दुसऱ्या वाक्यखंडांत तिची हक्काची जागा आहे. असे इतरही अधांतरीं विषय घेऊन त्यांनीं प्रत्येकाची कोठें ना कोठें जागा लावून दाखविली आहे.

आम्हांस हा आक्षेप आगीपुरता पटतो. मराठींतही ‘नशीब’ म्हणून थांबणाऱ्याच्या तोंडाकडे आपण पुढच्या वाक्यासाठीं पाहत राहतों. झाडाच्या वाक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथें कांहीं व्याकरणकार ‘पानें मोठीं’ हें अख्खें विधेय मानून झाडाला त्याचें उद्देश्य ठरवितात आणि विषय हा शब्दच अनावश्यक आहे असें म्हणतात. नांव कांहीं द्या; ‘पानें’ आणि ‘मोठीं’ यांचें लग्न आधींच लागलेलें असतांना रिकामा पाट झाडालाच कां मिळतो, याचें उत्तर त्यांनाही द्यावें लागेल, आणि तें देतांना झाडासाठीं उद्देश्याच्या दोन जाती कराव्या लागतील : एक विशेषणाजवळची आणि एक वाक्याच्या उंबऱ्यावरची.