रताळी, हापूस आणि फोटोखालच्या चार ओळी : शेतकरी गटाने ग्राहकांना नेमकं काय लिहून पाठवावं?

बेळगाव, खानापूर भागातले शेतकरी गट आता भाजी-फळं थेट शहरातल्या घरांना पोचवतात. बेळगाव शहर तर आहेच, शिवाय चोर्ला घाट उतरून पणजी, पर्वरी, म्हापशापर्यंत टेम्पो जातात. या विक्रीत दुकान नसतं, पाटी नसते. असतो तो मोबाईलवर पाठवलेला फोटो आणि त्याच्याखाली लिहिलेल्या तीन-चार ओळी, म्हणजे कॅप्शन. ग्राहकाला माल हातात घेऊन, दाबून, वास घेऊन बघता येत नाही. त्यामुळे मंडईत जे पाच प्रश्न तो तोंडाने विचारतो, त्यांची उत्तरं या ओळींनाच द्यावी लागतात.

बहुतेक गटांचं कॅप्शन असं असतं : "ताजी, गावरान, सेंद्रिय रताळी! स्टॉक मर्यादित, आजच ऑर्डर करा!" यात एकही कामाची गोष्ट नाही. माल कधी काढला, केवढा आहे, कोणत्या वारी येणार, काहीच कळत नाही. आणि "आजच" हा शब्द तर सगळ्यात घातक. हा फोटो एका सोसायटीच्या ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो, तिथून कुणाच्या तरी मावशीकडे मडगावला पोचतो आणि तीन आठवड्यांनी फोन येतो, "अहो, रताळी पाठवा की." तोपर्यंत माल संपलेला, भाव बदललेला. म्हणून कॅप्शनमध्ये आज, उद्या, या आठवड्यात असे शब्द कधीच घालू नयेत. वार आणि तारीख लिहावी, आणि शक्य असेल तर ती फोटोवरच उमटवावी, कारण पुढे पाठवताना खालचा मजकूर बऱ्याचदा गळून पडतो.

रताळ्याचंच उदाहरण पूर्ण घेऊ. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं हे जुनं पीक आहे. पाऊस धरला की जून-जुलैमध्ये सरीवर वेल लावायचे, साधारण चार महिन्यांनी काढणी. म्हणजे नवा माल सप्टेंबरच्या अखेरीपासून यायला लागतो, नवरात्राच्या उपासाला बरोबर सापडतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. महाशिवरात्रीला जो माल असतो तो उशिरा लावलेला, पाणी देऊन घेतलेला. आणि आषाढी एकादशीला, ज्या दिवशी शहरातून सगळ्यात जास्त मागणी येते, त्या दिवशी इथल्या शेतात वेल नुकते लावलेले असतात.

इथंच गटाची परीक्षा असते. आषाढीला ग्राहक मागतो, गटाकडे माल नसतो, मग कुणीतरी सुचवतं की मार्केट यार्डातून दोन पोती घेऊ आणि देऊन टाकू. द्यायला हरकत नाही, पण कॅप्शनमध्ये "आमच्या शेतातली" हे शब्द त्या दिवशी चालणार नाहीत. "आषाढीची रताळी बाहेरगावची आहेत, यार्डातून निवडून घेतली आहेत. आमची स्वतःची नवरात्राच्या सुमाराला येतील" एवढं सरळ लिहिलं तर ग्राहक घेतो, शिवाय पुढचा हंगामही त्याला कळतो. लपवलं तर एकदा खपतं. पण नवरात्रात खरा माल आल्यावर चव वेगळी लागते आणि मागच्या वेळी काय दिलं होतं, असा प्रश्न येतोच.

आता प्रतीकडे. "एक नंबर माल" म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. रताळ्याची प्रत तीन गोष्टींत सांगता येते : आकार, साल आणि काढल्यावर किती दिवस ठेवलं. आकार वजनात सांगावा, उदाहरणार्थ "एक नग १०० ते २०० ग्रॅम, किलोत सहा ते नऊ नग". उकडायला सारख्या आकाराची रताळी लागतात. मोठं आणि बारीक एकत्र घातलं तर बारकं गळून जातं आणि मोठं आतून कच्चं राहतं, हे घरातल्या बाईला पक्कं माहीत असतं, म्हणून ती नगाचा आकार आधी विचारते. बारीक माल वेगळा काढून कमी भावात, "किसासाठी" म्हणून द्यावा. त्यालाही गिऱ्हाईक आहे.

सालीबद्दल एक गैरसमज आहे. धुतलेलं, लालचुटूक रताळं फोटोत उठून दिसतं, म्हणून काही गट फोटोपुरती नव्हे तर सगळीच रताळी धुतात. धुताना साल खरचटते, ओल राहते आणि चार दिवसांत टोकाकडून कुजायला लागतात. मातीची नुसती झटकलेली रताळी जास्त टिकतात. तेव्हा फोटोही मातीसकटच काढावा आणि खाली लिहावं, "धुतलेली नाहीत, टिकावीत म्हणून". ग्राहकाला मातीचं वावडं नसतं. फोटोत एक आणि पिशवीत दुसरं निघालं की मात्र राग येतो.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटेल. भाजी जितकी ताजी तितकी चांगली हा नियम रताळ्याला लागू नाही. काढल्या दिवशीचं रताळं पिठूळ आणि फिकं लागतं. उबदार, दमट, हवेशीर जागी आठवडाभर ठेवलं की काढताना झालेल्या जखमांवर नवी साल धरते आणि आतल्या पिठाची हळूहळू साखर होते, म्हणून ते गोडही लागतं आणि टिकतंही. तेव्हा "ताजी रताळी" असं लिहिण्यात भूषण नाही. "काढून आठ दिवस मुरवलेली" हे लिहावं. त्याच्या जोडीला एक ओळ सांभाळण्याची : फ्रिजमध्ये ठेवू नका. बारा-तेरा अंशांच्या खाली रताळं बिघडतं, आतून काळपट होतं आणि शिजवल्यावर मध्ये टणक गाठ राहते. ही ओळ नसली तर ग्राहकाच्या फ्रिजचा दोष गटाच्या माथी येतो.

खराब माल कसा ओळखायचा, तेही सांगावं. सालीवर बारीक भोकं असतील तर आत सोंड्या भुंग्याची अळी असते. ती लागलेलं रताळं कडू होतं आणि उग्र वास येतो. नुसतं भोक कापून बाकीचं वापरता येत नाही, कारण कडूपणा आजूबाजूलाही पसरलेला असतो. निवडताना कितीही पाहिलं तरी एखादं निसटतं. "भोक पडलेलं निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या फेरीत तेवढं वजन भरून देऊ" असं आधीच लिहिलेलं असलं की तक्रार तक्रार राहत नाही, हिशेब होतो.

"सेंद्रिय" या शब्दाला मात्र जपून हात लावावा. बाजारात सेंद्रिय म्हणून विकण्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला यातून सवलत आहे, पण 'जैविक भारत'चं चिन्ह त्याला वापरता येत नाही. प्रमाणपत्र नसेल तर विशेषणापेक्षा कृती सांगितलेली बरी : "शेणखत घातलं आहे, लागणीनंतर रासायनिक फवारणी केलेली नाही". अर्थात, खरंच केलेली नसेल तरच.

गावाच्या नावाचा प्रश्न आंब्यात येतो आणि सीमाभागात तो जरा नाजूक आहे. बेळगाव-धारवाडकडे हापूस चांगला पिकतो, पण बाजारात त्याला देवगडचा म्हणून खपवण्याची खोड जुनी आहे. कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे आपल्या आंब्याला कोकणचं नाव लावणं हा आता नुसता चावटपणा उरलेला नाही, कायद्याचा प्रश्न आहे. खरं तर तशी गरजही नाही. कोकणचा माल ओसरू लागतो तेव्हा इकडचा भरात येतो, हीच इकडच्या आंब्याची जमेची बाजू. "धारवाडी हापूस, मे महिन्याचा" असं ठणकावून लिहावं.

आंब्याच्या कॅप्शनला दोन गोष्टी जास्तीच्या लागतात. एक, पेटी घरी पोचेल तेव्हा आंबा कोणत्या अवस्थेत असेल : "कडक आहे, गवतात ठेवा, पाच-सहा दिवसांनी खायला येईल". ही ओळ नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी आंबा कापून आंबट म्हणणारे लोक कमी नाहीत. पिकवायला कार्बाइडला बंदी आहे, ते वापरलं नसल्याचं लिहावं. दुसरी गोष्ट साक्याची. हापूसमध्ये साका बाहेरून ओळखता येत नाही, कापल्यावरच कळतो. तो शेतकऱ्याचा लबाडपणा नसतो, पण ग्राहकाचे पैसे गेलेले असतात. एका पेटीमागे किती साक्याचे आंबे भरून देणार, हा आकडा आधीच ठरवून लिहावा.

शेवटी वार. समजा गट बुधवारी बेळगाव शहरात आणि शनिवारी गोव्यात माल देतो. पालेभाजी गोव्याला पाठवायची तर शुक्रवारी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काढून, पहाटे चारला टेम्पो सुटला पाहिजे, म्हणजे घाट उतरून सकाळच्या वेळात पर्वरीला पोचतो. शुक्रवारी किती काढायचं हे गुरुवारी रात्री कळायला हवं. म्हणून ऑर्डर गुरुवारी सहाला बंद. ही वेळ का आहे, हे एका वाक्यात सांगितलं तर लोक पाळतात : "जेवढी मागणी तेवढीच भाजी काढतो". रताळी मुरवलेली असल्यामुळे त्यांना ही घाई नाही. पण दोन मालांना दोन वेळा दिल्या तर गोंधळ होतो, म्हणून एकच वेळ ठेवावी. पालेभाजीच्या पेंडीचं वजनही लिहावं. गावच्या पेंडीत आणि शहरच्या जुडीत फार फरक असतो.

आता सुरुवातीचं कॅप्शन पुन्हा लिहू :

"रताळी (गेणसु), लाल सालीची. आमच्या शेतातली, काढून आठ दिवस मुरवलेली. एक नग १०० ते २०० ग्रॅम. मातीसकट आहेत, धुतलेली नाहीत. फ्रिजमध्ये ठेवू नका. पणजी-पर्वरी-म्हापसा : शनिवार, १० ऑक्टोबर, सकाळी ९ ते १२. ऑर्डर गुरुवार, ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ पर्यंत. भाव याच फेरीपुरता. भोक पडलेलं निघाल्यास वजन भरून देऊ."

कंसातलं गेणसु हे कन्नड नाव बेळगावातल्या घरांसाठी आहे. एकाच मजल्यावर दोन्ही भाषा बोलणारी कुटुंबं असतात. फेरी इंदूर-बडोद्याच्या नातेवाइकांपर्यंत जाणार असेल तर शकरकंद हेही जोडता येईल.

पावसाळ्यात आणखी एक कॅप्शन तयार करून ठेवावं लागतं, ज्याचा फोटो नसतो. घाटात दरड कोसळली की रस्ता बंद होतो आणि टेम्पो अनमोडमार्गे वळवावा लागतो. अशा सकाळी ग्राहक दारात पिशवी घेऊन उभा असतो. तेव्हा "चोर्ला बंद आहे, गाडी अनमोडवरून येते, पणजीला दुपारी दोननंतर. पालेभाजी नको असेल तर अकरापर्यंत कळवा, तिचे पैसे परत" एवढा मजकूर आदल्या रात्रीच लिहून ठेवलेला असला, तर घाटात रेंज जायच्या आत तो पाठवता येतो.