मात्रा-प्रतिसाद कल-चाचणी

साथरोगशास्त्रात एखाद्या घटकाशी आलेला संपर्क (मद्य, तंबाखू, धूळ, किरणोत्सर्ग) चढत्या वर्गांत विभागल्यावर वर्गागणिक रोगाचे प्रमाण एका दिशेने वाढते किंवा घटते का, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय रीत. शोधनिबंधाच्या तक्त्यात तिचा निष्कर्ष बहुधा शेवटच्या स्तंभात ‘कलाचे पी-मूल्य’ म्हणून येतो. त्या एका आकड्यावरून वक्राचा आकार कळत नाही. तरी तसे वाचण्याची सवय या शाखेत खोलवर रुजली आहे.

पूर्वपीठिका. चाचणीचा पाया विल्यम कॉक्रन (१९५४) व पीटर आर्मिटेज (१९५५) यांनी घातला. नेथन मँटेल यांनी १९६३ मध्ये तिचा विस्तार केला, त्यामुळे वय वगैरे बाबींचे स्तर पाडूनही ती वापरता येऊ लागली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कार्यकारणाचा विचार करताना तपासायच्या मुद्द्यांत ‘जैविक चढ’ धरला.

इल-ए-व्हिलेनचे उदाहरण. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील इल-ए-व्हिलेन जिल्ह्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा एक केस-कंट्रोल अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष ट्युन्स व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ब्रेस्लो व डे यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात ही आकडेवारी घेतली आणि तेव्हापासून ती अध्यापनात कायम आहे. रुग्ण २०० पुरुष. तुलनेसाठी मतदारयाद्यांतून निवडलेले ७७५ पुरुष. दिवसाला पोटात जाणाऱ्या शुद्ध अल्कोहोलचे चार वर्ग केले होते. ४० ग्रॅम म्हणजे दहा टक्क्यांची वाइन साधारण अर्धा लिटर.

| ग्रॅम प्रतिदिन | रुग्ण | तुलनागट | ऑड्स रेशो |
|---|---|---|---|
| ०–३९ | २९ | ३८६ | १.० |
| ४०–७९ | ७५ | २८० | ३.६ |
| ८०–११९ | ५१ | ८७ | ७.८ |
| १२० व अधिक | ४५ | २२ | २७.२ |

हे रेशो वयाचा हिशेब न करता काढलेले आहेत. त्याने मोठा फरक पडत नाही: ८० ग्रॅमच्या वर आणि खाली असे दोनच गट केले तर रेशो ५.६ येतो, वयाचे स्तर पाडल्यावर ५.२.

वर्गांना ०, १, २, ३ असे गुण दिले तर २०० रुग्णांच्या गुणांची बेरीज ३१२ भरते. मद्याचा रोगाशी काहीच संबंध नसता तर ती १७०.७ च्या आसपास अपेक्षित होती. हा १४१.३ चा फरक वर्ग करून त्याच्या विचरणाने (१३०.६) भागला की काय-वर्ग मूल्य १५३.० येते, स्वातंत्र्यमात्रा एक. पी-मूल्य इतके लहान आहे की ते लिहिताना ‘०.००१ पेक्षा कमी’ एवढे पुरते. संगणकाने छापलेले ‘०.०००’ जसेच्या तसे उतरवू नये, कारण पी-मूल्य कधी शून्य नसते.

कलापासून विचलन. चारही वर्गांतील फरक कोणत्याही क्रमाविना मोजला तर तीन स्वातंत्र्यमात्रांवर काय-वर्ग १५८.८ येतो. त्यातून कलाचे १५३.० वजा केले की ५.८ उरतात, स्वातंत्र्यमात्रा दोन, पी-मूल्य ०.०५ च्या किंचित वर. सरळ रेषेने न उलगडलेला भाग तो हाच. निबंधांत तो क्वचितच छापलेला दिसतो. कलाचे पी-मूल्य मात्र सहसा सुटत नाही.

या ५.८ वरून वक्र वाकडा आहे असे म्हणण्याची घाई करू नये. चार वर्गांतील रुग्णांचा वाटा अनुक्रमे ७, २१, ३७ व ६७ टक्के आहे. (केस-कंट्रोल अभ्यासात हे टक्के म्हणजे धोका नव्हे; ते किती रुग्ण व किती तुलनाव्यक्ती निवडल्या यावर ठरतात.) शेवटची उडी आधीच्या दोन्हींच्या जवळजवळ दुप्पट दिसते. पण शेवटचा वर्ग वरून उघडा आहे. त्यात १२५ ग्रॅम पिणारा बसतो आणि २०० ग्रॅम पिणाराही. ०, १, २, ३ हे गुण म्हणजे वर्गांना २०, ६०, १००, १४० ग्रॅम मानणे. उत्तर तंतोतंत तेच येते. शेवटच्या वर्गाला १४० ऐवजी १८० ग्रॅम धरले तर कलाचा काय-वर्ग १५८.७ होतो आणि विचलन ०.१ वर येते, म्हणजे नाहीसेच होते. लॉजिस्टिक प्रतिमानात, जिथे ऑड्सचा लॉगॅरिदम सरळ रेषेत वाढतो असे मानतात, मूळ गुणांनीही विचलन २ च्या आसपासच राहते. म्हणून वक्राच्या आकाराबद्दल बोलण्याआधी गुण कोणते दिले आणि मोजपट्टी कोणती घेतली हे सांगणे भाग आहे. उघड्या वर्गासाठी अभ्यासातील व्यक्तींच्या प्रत्यक्ष सेवनाचा मध्यांक घेणे बरे.

अर्थ लावणे. लॉजिस्टिक प्रतिमानात एका वर्गाने वर गेल्यास ऑड्स सुमारे २.८ पट होतात (९५ टक्के विश्वास्यता अंतराल अंदाजे २.४ ते ३.४). पी-मूल्यापेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे, पण त्यात चढ सर्वत्र सारखा हे गृहीत आहे.

सर्वात जास्त दिसणारी चूक वेगळीच असते. वरच्या सर्व वर्गांत धोका सारखाच वाढलेला असला आणि फक्त तळचा वर्ग खाली असला, तरी कलाचे पी-मूल्य लहान येऊ शकते. तो उंबरठा असतो, चढ नव्हे. मॅक्ल्युअर व ग्रीनलंड यांनी १९९२ मध्ये अशा गैरवाचनांची चिकित्सा केली. साधी तपासणी म्हणजे तळचा वर्ग वगळून पाहणे. इल-ए-व्हिलेनमध्ये ४०–७९ ग्रॅम हा आधार धरला तर पुढचे रेशो २.२ आणि ७.६ येतात, चढ टिकतो. इतरत्र तो टिकेलच असे नाही, विशेषतः मद्याच्या अभ्यासांत. तिथे तळच्या वर्गात आजारपणामुळे पिणे सोडलेले लोक मिसळले तर वक्र आधी खाली जाऊन मग वर चढतो आणि सरळ रेषेची चाचणी ती खोच गिळून टाकते.

टोकाच्या एकाच रेशोवर भिस्त ठेवणेही चूक. शेवटच्या वर्गात तुलनाव्यक्ती फक्त २२ असल्याने २७.२ या रेशोचे अंतराल सुमारे १४ ते ५१ इतके रुंद आहे. त्यामुळे टोकाचा आकडा मथळ्यात घेणे धोक्याचे. चढ खरा असला तरी त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही: जास्त पिणारे जास्त धूम्रपान करत असतील तर तंबाखूही असाच चढ निर्माण करू शकते.

निबंधात काय द्यावे. वर्गांच्या सीमा आणि त्या आकडेवारी पाहण्याआधी ठरवल्या होत्या की नंतर. प्रत्येक वर्गातील रुग्ण व तुलनागटाची संख्या. रेशो व त्यांची अंतराले. वर्गांना दिलेले गुण. कलाचे पी-मूल्य आणि त्याच्या शेजारी विचलनाचे. सीमा सरकवून चढ जुळवता येतो, म्हणून पहिली बाब महत्त्वाची. ‘मात्रेनुसार धोका वाढतो’ हे वाक्य रेशोंचा क्रम पाहून लिहावे. मधला एखादा वर्ग खाली गेला असेल तर तो खाली गेला असेच लिहावे, अंतराल रुंद असल्याचे नमूद करून.

भारत. मुंबईतील तंबाखूविषयक समूह-अभ्यासात विडीच्या दैनिक संख्येनुसार मृत्युधोक्याचा चढ नोंदला गेला आहे.