बोली-समतलीकरण

वेगवेगळ्या बोली बोलणारे लोक एका ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहू लागले, की थोड्यांच्याच तोंडी असलेली आणि कानाला वेगळी लागणारी रूपे मागे पडतात व बहुतेकांना चालणारी टिकतात. या प्रक्रियेला बोली-समतलीकरण म्हणतात. बंगळूरची कन्नड हे तिचे जवळचे उदाहरण होय.

समतल होण्यापूर्वी तिथली स्थानिक बोलीही एकसंध नव्हती. विल्यम ब्राइट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1950 नंतरच्या दशकात बंगळूर परिसरातील ब्राह्मण व वक्कलिग यांच्या बोलण्यातला फरक नोंदवला : दुधाला एकाकडे ‘हालु’, दुसरीकडे हकार गळून ‘आलु’, ‘आहे’ यासाठी ‘इदे’ आणि ‘ऐती’. 1956 मध्ये मुंबई राज्यातील धारवाड, हैदराबाद राज्यातील गुलबर्गा आणि मद्रास राज्यातील मंगळूर हे भाग म्हैसूर राज्याला जोडले गेले. राजधानीतील कचेऱ्या, महाविद्यालये आणि एचएमटी, बीईएलसारखे कारखाने यांमुळे या भागांतली माणसे एकत्र आली.

धारवाडचा माणूस ‘घरात’ यासाठी ‘मन्याग’ म्हणतो, बंगळूरकर ‘मनेली’. ‘या’ म्हणून बोलावताना पहिला ‘बर्री’ म्हणतो, दुसरा ‘बन्नी’. नवागत कचेरीत दुसरे रूप वापरू लागतो, पण घरी पहिलेच बोलतो. खरा निकाल त्याच्या मुलांकडे लागतो, कारण ती आईबापांपेक्षा सवंगड्यांसारखी बोलतात. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या शहरातही पॉल कर्सविल व अ‍ॅन विल्यम्स यांना नवी बोली मुलांमध्येच घडताना दिसली. त्यामुळे समतलीकरण पक्के झाले की नाही हे घरातल्या बोलण्यावरून ओळखावे : मूल आजीशीही ‘मनेली’च म्हणत असेल, तर जुना प्रत्यय त्या घरातून गेला. पाहुण्यांपुरता बदल हे निव्वळ जुळवून घेणे असते.

प्रसारणाचे काम याहून वेगळे आहे. धारवाड आकाशवाणी 1950 मध्ये, तर बंगळूर केंद्र 1955 मध्ये सुरू झाले. बातम्यांनी ग्रांथिक कन्नड घरोघरी नेली खरी, पण बातमीपत्रासारखे कोणी बोलू लागले नाही. रेडिओ, चित्रपट व दूरचित्रवाणी शब्द भराभर पसरवतात. ‘फार’ या अर्थाचा ‘सखत्’ (मूळ फारसी ‘सख्त’, मराठी ‘सक्त’चा सख्खा भाऊ) आणि मित्राला मारलेली ‘मगा’ ही हाक बंगळूर-म्हैसूर पट्ट्याबाहेरही ऐकू येते. प्रत्यय व उच्चार मात्र ऐकून फारसे बदलत नाहीत; त्याला समोर उत्तर देणारा माणूस लागतो. उलट दिशेनेही प्रवाह असतो : ‘कांतार’ (2022) या चित्रपटाने कुंदापूरकडची बोली राज्यभर ऐकवली. त्यातले शब्द लोकांनी उचलले, तरी कुंदापुरी क्रियापदे बंगळूरात रुजली नाहीत.

या उदाहरणाला एक मर्यादा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार बंगळूर शहर जिल्ह्यात मातृभाषा कन्नड असणारे निम्म्याहून कमी होते. तमिळ, तेलुगू व उर्दू भाषकांनी कामापुरती शिकलेली कन्नडही शहराच्या बोलीत मिसळते, म्हणून तिथला प्रत्येक सोपा झालेला प्रत्यय समतलीकरणाच्या खात्यावर मांडता येत नाही.