कललेला खांब: रोलिंग शटरच्या दुरुस्तीची कुळकथा

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर धावत्या गाडीच्या खिडकीतून मोबाईल आडवा धरून चित्रण केले, तर कडेचे विजेचे खांब तिरपे दिसतात आणि गाडीच्या थरथरीने अख्खे चित्र खरवसासारखे लिबलिबते. या दोषाचे मूळ मोबाईलहून फार जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक कॅमेऱ्यांत पडद्यातील अरुंद फट काचेसमोरून सरकत असे, म्हणूनच झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या प्रसिद्ध छायाचित्रात शर्यतीच्या मोटारीचे चाक एका बाजूला झुकलेले आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला कललेले आहेत. मोबाईलमधील सीमॉस संवेदकात पडदा नाही, तरी प्रतिमेच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात; या पद्धतीलाच रोलिंग शटर म्हणतात.

उपायाचा पाया असा, की प्रत्येक ओळ टिपली जाताना कॅमेरा कोठे वळलेला होता हे कळले, तर ती ओळ तेवढीच उलट सरकवता येते. २०१० मध्ये स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या पेर-एरिक फोर्सेन आणि एरिक रिंगाबी यांनी हे वळण चित्रातील ठळक बिंदूंच्या मागोव्यावरून काढले; त्याच वर्षी आयफोन ४ मध्ये जायरोस्कोप, म्हणजे वळणाचा वेग मोजणारे उपकरण आले, आणि २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कार्पेंको व सहकाऱ्यांनी त्याच्या नोंदींवरून ओळी सरळ केल्या. समजा, चौकट वाचण्यास १/५० सेकंद लागतो आणि फोन सेकंदाला ३० अंश वळतो, तर पहिल्या व शेवटच्या ओळीत ०.६ अंशाचा फरक पडतो. हा वाचनकाळ चुकीचा भरला, तर दुरुस्तीनंतरही खांब कलतात: कमी भरल्यास पूर्वीच्याच दिशेला, जास्त भरल्यास उलट. म्हणून दोन्ही दिशांना फोन फिरवून एखादी उभी भिंत तपासून पाहावी, हेच सर्वांत भरवशाचे.

महामार्गावरचे चित्रण मात्र या पद्धतीला पुरते दाद देत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फोन वळतो तेव्हा जवळचे व दूरचे सारे सारख्याच कोनाने सरकते. गाडी पुढे जाते तेव्हा तसे होत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या १/५० सेकंदात सुमारे ४४ सेंटिमीटर जाते, त्यामुळे १९२० बिंदू रुंदीच्या आणि सुमारे ६५ अंश दृश्य घेणाऱ्या चौकटीत १० मीटरवरील खांबाच्या वरच्या व खालच्या टोकांत सुमारे ६७ बिंदूंचे अंतर पडते, तर ५०० मीटरवरील टेकडी जेमतेम एक बिंदू हलते. ही सरळ सरक जायरोस्कोपला कळतच नाही, आणि अख्खी चौकट तिरपी करून खांब उभा केला, तर मागची टेकडी वाकते. त्यामुळे थरथरीची लिबलिब आणि हाताचे वळण जायरोस्कोपच्या नोंदींनी काढावे, आणि जवळच्या खांबांचा कल टाळायचा असेल, तर चित्रणाच्या वेळीच फोन खिडकीऐवजी समोरच्या काचेतून रस्त्याकडे रोखावा.