शाळेची फीवाढ: पालकांना जाणाऱ्या सूचनेत आणि पत्रात काय असावे?

खासगी शाळेने फी वाढवली की पालकांच्या हाती एक पानी सूचना पडते. महाराष्ट्रात ही सूचना म्हणजे फीवाढीची सुरुवात नसून शेवटची पायरी असते. त्याआधी काय घडायला हवे, हे 'महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011' या कायद्यात ठरवून दिले आहे. हा कायदा डिसेंबर 2014 पासून लागू आहे.

सूचनेआधीचे टप्पे

शाळेच्या व्यवस्थापनाने नवीन फीचा प्रस्ताव हिशेबासह पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि तोही शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी. समितीने 30 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मंजूर झालेली फी सूचना फलकावर लावली जाते आणि ती दोन शैक्षणिक वर्षे बदलत नाही.

गोंदिया जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. विदर्भातील शाळा साधारण जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे प्रस्ताव डिसेंबरमध्ये समितीकडे जायला हवा आणि निर्णय जानेवारीत व्हायला हवा. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये पालकांना पत्र मिळाले, तर त्यांना तजवीज करायला वेळ राहतो. वाढीची पहिली बातमी जूनमध्ये आली आणि सूचनेत समितीच्या बैठकीची तारीखच नसेल, तर मधले टप्पे गाळले गेल्याची शंका घ्यायला जागा आहे. अशा वेळी पालकांनी आधी समितीचे इतिवृत्त मागावे.

व्यवस्थापन आणि समिती यांचे एकमत झाले नाही, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते. गोंदिया जिल्हा नागपूर विभागात येतो. कायद्यातील नंतरच्या दुरुस्तीनुसार पालकांनाही या समितीकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी किमान 25 टक्के पालकांनी एकत्र यावे लागते.

कारणे आकड्यांत सांगावीत

'वाढत्या महागाईमुळे' एवढ्या एका वाक्याने पालकांचे समाधान होत नाही. फी ठरवताना शिक्षक-कर्मचाऱ्यांचे पगार, वार्षिक वेतनवाढ, इमारतीची देखभाल, सुविधा अशा बाबी विचारात घेतल्या जातात. पत्रातही त्याच क्रमाने आकडे द्यावेत.

समजा, एका शाळेत फी भरणारे 400 विद्यार्थी आहेत आणि फी 20,000 रुपये आहे. म्हणजे जमा 80 लाख. पुढील वर्षी पगाराचा खर्च 50 लाखांवरून 54.5 लाख, देखभाल व वीज 18 वरून 19 लाख, प्रयोगशाळा व ग्रंथालय 6 वरून 6.5 लाख होणार आहे. इतर खर्च 6 लाखच राहील. एकूण खर्च 86 लाख, म्हणजे तूट 6 लाख. ती 400 मुलांत वाटली की प्रत्येकी 1,500 रुपये, म्हणजे साडेसात टक्के वाढ. हे पालकाला घरी बसून पडताळून पाहता येते.

यात एक चूक नेहमी होते. फी दोन वर्षे तीच राहणार असल्याने दुसऱ्या वर्षाची वेतनवाढही आधीच धरावी लागते. नाहीतर दुसऱ्या वर्षी तूट येते आणि 'उपक्रम शुल्क' अशा नावांनी जादा पैसे मागितले जातात. मंजूर फीपेक्षा जास्त रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे.

सवलतीची तरतूद

शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के जागांवरील मुलांना ही वाढ लागू नाही, हे पत्रात स्पष्ट लिहावे. इतरांसाठी सवलतीचे नियम शाळेनेच ठरवायचे असतात. सर्वोच्च न्यायालयानेही मे 2021 मध्ये, कोविड काळातील राजस्थानच्या फी प्रकरणात, अडचणीतील पालकांच्या विनंतीचा प्रकरणनिहाय सहानुभूतीने विचार करण्यास शाळांना सांगितले होते.

'गरजूंनी कार्यालयात भेटावे' असे मोघम लिहिले, तर ओळखीच्यांनाच सवलत मिळते. त्याऐवजी पत्रात या गोष्टी असाव्यात:

- कोण पात्र: पालकाचा मृत्यू, नोकरी जाणे, पीक बुडणे, एकाच घरातील दोन-तीन मुले.
- कागदपत्रे: तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि कारणाचा एक पुरावा.
- अर्ज कोणाकडे द्यायचा, शेवटची तारीख आणि लेखी उत्तर किती दिवसांत मिळेल.
- नकार मिळाल्यास फेरविचार कोण करेल.
- निर्णय होईपर्यंत मुलाला वर्गात वा परीक्षेत अडवले जाणार नाही आणि नावे जाहीर होणार नाहीत, अशी हमी.

सवलतीलाही पैसा लागतो. वरच्या शाळेने 20 मुलांना निम्मी फी माफ केली, तर 21,500 रुपयांच्या हिशेबाने 2 लाख 15 हजार कमी जमा होतील. ही रक्कम संस्था देणगीतून भरणार की इतरांच्या फीतून, हे हिशेबात वेगळे दाखवावे.

अनेकांना मात्र माफीपेक्षा मुदत हवी असते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. जून-जुलैत शेतकऱ्याचा पैसा रोवणीत अडकतो. हातात पैसा येतो तो दिवाळीनंतर धान विकल्यावर. तेव्हा मोठा हप्ता जूनऐवजी डिसेंबर-जानेवारीत ठेवला, तर शाळेची वार्षिक जमा तेवढीच राहते आणि घरावरचा ताण कमी होतो.