शिखर आणि उतार

निबंध विद्यार्थ्याने लिहिला की यंत्राने, हा वाद आता परीक्षकांच्या दारी येऊन ठेपला आहे. निर्णय चुकला, तर प्रामाणिक मुलाच्या माथी लबाडीचा शिक्का बसतो. म्हणून हा निर्णय करण्याच्या एका रीतीचा इतिहास आपण पाहू.

पुढे कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचा हिशेब करीत भाषायंत्र लिहिते. तेव्हा पहिली युक्ती साहजिकच सुचली: मजकूर यंत्राकडूनच मोजून घ्यावा आणि संभाव्यता मोठी निघाली, तर तो यंत्राचा समजावा. २०१९ सालचे जीएलटीआर हे साधन याच विचारातून निघाले. परंतु परिचित विषयावर सरळ भाषेत लिहिणाऱ्या माणसाची संभाव्यताही मोठीच भरते!

२०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. मजकूर किती उंचीवर आहे हे न विचारता, तो शिखरावर आहे की उतारावर, हे त्यांनी विचारले. शिखरावरून कोणीकडेही पाऊल टाका, आपण खालीच येतो. उतारावर एक पाऊल खाली नेते, तर दुसरे वर. यंत्राचे लेखन त्याच्याच हिशेबाच्या शिखराजवळ असते. माणूस त्या हिशेबाने लिहीतच नाही. या रीतीला त्यांनी डिटेक्टजीपीटी हे नाव दिले.

कृती अशी. मजकुरातील सुमारे १५ टक्के शब्द झाकावयाचे आणि टी-५ नावाच्या दुसऱ्या यंत्राकडून त्या जागा भरून घ्यावयाच्या. अशी शंभर किंचित बदललेली रूपे करून त्यांच्या संभाव्यतेची सरासरी मुळाशी ताडून पाहावयाची. संभाव्यता फार सूक्ष्म असल्याने तिचा लॉगरिथम घेतात. तो ऋण असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितकी संभाव्यता अधिक.

समजण्यापुरते आमचे आकडे घ्या. यंत्राचा परिच्छेद उणे २४०, त्याच्या रूपांची सरासरी उणे २६२, घसरण २२. माणसाचा परिच्छेद उणे २३५, रूपांची सरासरी उणे २३७. घसरण अवघी २. केवळ उंची पाहणाऱ्याने येथे माणसालाच यंत्र ठरवले असते. घसरण पाहिली की दोघे वेगळे होतात.

जीपीटी-निओएक्स या यंत्राने रचलेल्या बनावट बातम्यांवर ही रीत लावली. एक मजकूर यंत्राचा व एक माणसाचा घेतला, तर त्यांतला यंत्राचा कोणता हे बरोबर ओळखण्याचे प्रमाण ०.८१ वरून ०.९५ वर गेले.

मर्यादाही त्याच वर्षी दिसल्या. मजकूर दुसऱ्या यंत्राकडून निराळ्या शब्दांत मांडून घेतला, की तो शिखरावरून हलतो. अशा एका प्रयोगात शेकडा ७० वर असलेली ओळख शेकडा ५ च्याही खाली आली. शिवाय लिहिणाऱ्या यंत्राचेच आकडे हाती नसतील, तर दुसऱ्याच्या मापाने शिखर पुसट दिसते.

वरच्या प्रयोगात शेकडा एक निरपराध चुकून सापडेल, एवढी सूट धरली होती. तीनशे प्रामाणिक निबंधांत ती तीन मुले होतात. घसरणीचा आकडा हा संशयाचे कारण होऊ शकेल. त्या तिघांचा निकाल मात्र त्यांना समोर बसवून, प्रश्न विचारूनच लावला पाहिजे.